लोहगडावर बारा माणसं

गेली नऊ वर्षं मी मावळातल्या किल्ल्यांवर लोकांना फिरवून आणते. बहुतेक वेळा लोहगडावर. पुण्या-मुंबईचे लोक असतातच, पण इंदूर, बडोदा, हैदराबाद इथून दिवाळीच्या किंवा गणपतीच्या सुट्टीत आलेली मराठी कुटुंबंही असतात. घरात मुलांना मराठी बोलता येतं, पण किल्ला फक्त चित्रात पाहिलेला असतो. अशांना गड दाखवायला मला मनापासून आवडतं.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यातले अकरा महाराष्ट्रात आहेत आणि जिंजी तमिळनाडूत. लोहगड त्या यादीत आहे. त्यानंतर मला बरेच जण विचारतात, "ताई, आम्हालाही हे काम करायचंय. सुरुवात कशी करू?" तुम्हीही त्यांच्यापैकी असाल, तर मी आधी एकच प्रश्न विचारते. एका वेळी किती माणसं नेणार?

माझा आकडा बारा आहे. हा आकडा ठरला की गोष्टी कुठे सांगायच्या, सुरक्षितता कशी ठेवायची आणि पैसे किती घ्यायचे, हे तिन्ही प्रश्न बरेचसे सुटतात. ते कसे, ते सांगते.

बाराच का? वारा सुटला की गडावर माझा आवाज दहा-पंधरा पावलांपलीकडे जात नाही. बारा माणसं माझ्याभोवती अर्धगोल करून उभी राहिली, तर शेवटच्या माणसालाही ऐकू जातं. पायऱ्यांवर एकामागे एक चालताना बारा जणांची रांग वळणावरून मागे पाहिलं की बहुतेक नजरेत राहते. आणि मोजायला दहा सेकंद लागतात. मी सुरुवातीलाच प्रत्येकाला एक नंबर देते. प्रत्येक थांब्यावर सगळे आपापला नंबर मोठ्याने म्हणतात. मुलांना हा खेळ वाटतो. एखादा नंबर आला नाही की पुढे पाऊल टाकायचं नाही.

माझ्यासोबत लोहगडवाडीतला एक तरुण असतो. तो सगळ्यांत मागे चालतो. मी पुढे, आणि माझ्या लगेच मागे सगळ्यांत हळू चालणारी व्यक्ती. नवीन लोक याच्या उलट करतात. तरुण मंडळी पुढे पळतात, आजी मागे राहतात, त्या पोहोचल्या की पुढचे उठून चालू लागतात. म्हणजे ज्यांना विश्रांती हवी त्यांनाच ती मिळत नाही. हळू चालणारी व्यक्ती पुढे असली की सगळ्यांचा वेग आपोआप तिच्याएवढा होतो.

चढताना मी पायांपेक्षा बोलण्याकडे जास्त लक्ष देते. गप्पा मारत चढणारा माणूस अचानक गप्प झाला, किंवा एक वाक्य दोन श्वासांत बोलू लागला, तर तो स्वतःहून सांगणार नाही, पण त्याला थांबायला हवं. अशा वेळी "तुम्ही दमलात का?" असं विचारायचं नाही. सगळे "नाही नाही" म्हणतात. मी म्हणते, "इथून विसापूर छान दिसतो, दोन मिनिटं बघूया." सगळेच थांबतात आणि कुणाला ओशाळल्यासारखं होत नाही.

आता गोष्टींकडे येऊ. लोहगडाची वाट सापासारखी वळत जाते आणि तिच्यावर एकापाठोपाठ चार दरवाजे लागतात. गणेश दरवाजा, नारायण दरवाजा, हनुमान दरवाजा आणि महादरवाजा. नवा मार्गदर्शक पहिल्याच दरवाजात थांबून बोलायला लागतो. पण दरवाजा अरुंद असतो. बारा माणसं तिथे उभी राहिली की वरून येणारे आणि खालून जाणारे दोघेही अडतात. धक्काबुक्की सुरू होते आणि तुमची गोष्ट कुणीच ऐकत नाही.

म्हणून गोष्ट कुठे सांगायची, हे आधी जागा बघून ठरवा. एकदा एकटे जा आणि फक्त जागा शोधा. बारा माणसं बाजूला उभी राहतील, पाठीमागे दरी नसेल, सकाळी सावली असेल आणि सूर्य ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत येणार नाही अशी. लोहगडावर मला अशा चारच जागा सापडल्या. त्यामुळे माझ्या मोठ्या गोष्टीही चारच आहेत.

दरवाजांची गोष्ट मी दरवाजात सांगतच नाही. चढताना फक्त एवढंच म्हणते, "प्रत्येक वळणावर वर बघा आणि तुमच्यावर कोण दगड टाकू शकेल ते शोधा." महादरवाजा ओलांडून वर आलो की तटाच्या आतल्या सुरक्षित जागेवरून ती सगळी वळणदार वाट खाली दिसते. तिथे मी मुलांना विचारते, "आता तुम्ही किल्लेदार आहात. शत्रू कुठे अडवाल?" आठ वर्षांचं पोरही बरोबर बोट दाखवतं. शत्रूला प्रत्येक वळणावर आपली बाजू उघडी करावी लागते, आणि दरवाजासमोर लांब धाव घेऊन तो फोडायला जागाच मिळत नाही, हे त्याला आपलं आपल्यालाच कळतं.

गोष्टी तयार करताना मी वहीत तीन भाग केलेत. पहिला भाग नोंदींचा. १६४८ मध्ये शिवाजी महाराजांनी लोहगड घेतला, १६६५ च्या पुरंदरच्या तहात मुघलांना दिलेल्या २३ किल्ल्यांत तो गेला आणि १६७० मध्ये परत स्वराज्यात आला. पुढे पेशवाईत नाना फडणवीसांनी गडावर बरंच बांधकाम करवलं. वरचं सोळा कोनांचं तळं त्यांच्याच काळातलं. दुसरा भाग ऐकलेल्या गोष्टींचा, जसं की लक्ष्मी कोठीत लोमश ऋषी राहत होते. तिसरा भाग माझ्या अंदाजांचा.

बोलतानाही मी तीन वेगळे शब्द वापरते. "नोंद आहे", "गावात असं सांगतात" आणि "मला असं वाटतं". हे शब्द गाळले की काय होतं? ऐकीव गोष्ट मुलाच्या वहीत इतिहास म्हणून जाते. आणि ग्रुपमध्ये कुणी जाणकार असला, तर एका चुकीच्या वाक्यानंतर तुमच्या खऱ्या गोष्टीवरही त्याचा विश्वास राहत नाही. ऐकीव गोष्ट सांगूच नका, असं मी म्हणत नाही. ती कुणाची आहे, तेवढं सांगा.

यातली एक गोष्ट फार जपून सांगावी लागते. गणेश दरवाजाचा बुरूज टिकावा म्हणून एका कुटुंबातल्या माणसांचा बळी दिला गेला आणि त्या बदल्यात वंशजांना लोहगडवाडीची पाटीलकी मिळाली, अशी आख्यायिका आहे. काही जण ती घराण्याचं नाव घेऊन, रंगवून, भुताखेतांची भर घालून सांगतात. एकदा वाडीतल्या एका आजोबांशी मी याबद्दल बोलले. ते म्हणाले, "ताई, गोष्ट सांगा, आमची ना नाही. पण लोक ऐकून खाली येतात आणि घराच्या दारात उभे राहून फोटो काढतात. आम्ही काय देखावा आहे का?"

तेव्हापासून ही गोष्ट सांगताना मी आडनाव घेत नाही आणि घर दाखवत नाही. आख्यायिका म्हणूनच सांगते आणि पुढे एक प्रश्न विचारते. असे प्रचंड बुरूज उभे करताना दगडाखाली, उंचीवरून पडून कितीतरी मजूर दगावले असतील. त्यांची नावं कुठे आहेत? यानंतर बहुतेक वेळा सगळे थोडे शांत होतात. मुलं लहान असतील, तर बळीचा भाग गाळून मी फक्त मजुरांबद्दल बोलते.

आता सुरक्षिततेबद्दल. लोहगड अवघड किल्ला नाही. वरपर्यंत पायऱ्या आहेत. म्हणूनच तिथे दोन धोक्यांकडे दुर्लक्ष होतं. एक गर्दी आणि दुसरा वीज.

२०२३ च्या जुलैमध्ये एका रविवारी याच पायऱ्यांवर हजारो लोक तासन् तास अडकून पडले होते. वर जाणारे आणि खाली येणारे एकाच अरुंद वाटेवर समोरासमोर आले. अशा गर्दीत एखादं मूल घुसमटलं, तरी त्याला बाहेर काढायला जागा नसते. माझा नियम साधा आहे. पहिल्या दरवाजाच्या आत रांग पाच मिनिटं जागची हलली नाही, तर मागे फिरायचं. "जरा वाट बघू" असं म्हणायचं नाही. कारण त्या पाच मिनिटांत तुमच्या मागेही माणसं भरत असतात, आणि नंतर मागे फिरायची वाटही राहत नाही.

अशा दिवसासाठी दुसरा बेत आधीच ठरलेला हवा. माझा बेत म्हणजे पायथ्याची भाजे लेणी. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात कोरायला सुरुवात झालेल्या २२ लेण्यांचा तो समूह आहे. मुख्य चैत्यगृहाच्या छताला आजही लाकडी कमानी आहेत. त्या दाखवल्यावर "गड राहिला" म्हणून खट्टू झालेली मंडळीही मान वर करून बघत राहतात. तरीही पावसाळ्यातले शनिवार-रविवार मी घेतच नाही. प्रशासन त्या दिवसांत काही ठिकाणी बंदी किंवा वेळेचं बंधनही घालतं, तेव्हा निघण्याच्या आदल्या दिवशी चौकशी कराच.

विजेचा धोका विंचूकाट्यावर सगळ्यांत जास्त. विंचूकाटा म्हणजे गडाची पुढे गेलेली लांब, अरुंद सोंड. वरून विंचवाच्या नांगीसारखी दिसते म्हणून हे नाव. तिथे जायला थोडा कातळ उतरावा लागतो आणि पुढे दोन्ही बाजूंना उतार, डोक्यावर मोकळं आभाळ. आडोसा अजिबात नाही. मे-जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर या महिन्यांत इथे गडगडाटी पाऊस पटकन येतो.

मागच्या वर्षी सप्टेंबरमध्ये इंदूरचं एक कुटुंब आलं होतं. अकरा जण. त्यात ६८ वर्षांच्या आजी आणि सात वर्षांची नात. आम्ही सकाळी सातला लोहगडवाडीतून निघालो, सव्वाआठला वर पोहोचलो. साडेनऊच्या सुमाराला तळं बघून विंचूकाट्याकडे वळणार, तेवढ्यात पश्चिमेला ढग काळे झाले आणि वीज चमकली. मी मोठ्याने मोजायला सुरुवात केली. अठराव्या सेकंदाला गडगडाट ऐकू आला.

आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. अठरा सेकंद म्हणजे वीज सहा किलोमीटरवर. हा आकडा तीस सेकंदांपेक्षा कमी आला, की मोकळ्यावर राहायचं नाही, हा नियम आहे. कारण पुढची वीज तुमच्याच डोक्यावर पडू शकते. मी म्हटलं, "विंचूकाटा आज नाही. सगळे मागे चला."

कुटुंबातले काका नाराज झाले. "अहो मॅडम, आठ-नऊ तास गाडी चालवून आलोय. पाऊस तर सुरूही झाला नाही. पाच मिनिटांत जाऊन येतो ना!"

अशा वेळी वाद घालायचा नसतो, आणि "बघू" असंही म्हणायचं नसतं. मी एवढंच म्हटलं, "काका, मी बुकिंग घेतानाच लिहिलं होतं, विंचूकाटा हवामानावर आहे. एकट्यानेही पुढे जायचं नाही, सगळे एकत्रच राहायचं." आजी पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "चल रे, त्या सांगतायत ना!" प्रश्न मिटला.

आम्ही लक्ष्मी कोठीत गेलो. ही कातळात खोदलेली मोठी कोठी आहे, आत अनेक खोल्या. इथेही एक काळजी घ्यायची असते. गुहेच्या तोंडाशी उभं राहायचं नाही आणि भिंतीला टेकायचं नाही. विजेचा प्रवाह ओल्या कातळावरून तिथेच उतरतो. शक्य तितकं आत, मध्यभागी बसायचं. झाडाखाली, विशेषतः एकट्या झाडाखाली, तर कधीच थांबायचं नाही. शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर अर्धा तास आम्ही तिथेच थांबलो. प्रत्येक नव्या गडगडाटाला घड्याळ पुन्हा शून्यावर. एकूण पन्नास मिनिटं लागली.

या पन्नास मिनिटांसाठीच मी एक मोठी गोष्ट नेहमी राखून ठेवते. त्या दिवशी तहाची गोष्ट सांगितली. तेवीस किल्ले द्यायचे, बारा ठेवायचे. मी जमिनीवर पस्तीस खडे मांडले आणि नातीला म्हटलं, "तू महाराजांच्या बाजूने बस. कोणते देशील?" सगळं कुटुंब त्या खड्यांभोवती जमलं. काकासुद्धा वाकून "हा नको, तो ठेव" म्हणत होते.

आता पैशांचा विषय. हा बोलायला लोक लाजतात आणि मग स्वतःलाच फसवतात. माझा हिशेब उघड मांडते. वाडीतल्या सोबत्याचे ८०० रुपये. माझ्या दिवसाचे २,०००. आधीचे फोन, चौकशी आणि तयारी यांचे ५००. माझा प्रवास २००. प्रथमोपचाराची पेटी भरून ठेवायला २००. आणि हवामानामुळे रद्द होणाऱ्या दिवसांसाठी बाजूला ५००. एकूण ४,२००.

मी हे पैसे माणशी घेत नाही, पूर्ण ग्रुपचे घेते. बारा जण असतील तर प्रत्येकाला ३५० पडतात, आठ असतील तर ५२५. असं का? माणशी दर लावला की प्रत्येक नवा माणूस म्हणजे जास्त पैसे. मग बाराचे पंधरा होतात, पंधराचे चाळीस. ग्रुपचा दर ठरलेला असला की तेरावा माणूस घेऊन मला काहीच मिळत नाही. माझा लोभ मी असा बांधून ठेवलाय.

लेण्यांचं किंवा इतर कुठलं तिकीट असेल, तर ते ज्याचं त्याने काढायचं. वाडीत पिठलं-भाकरी जेवतो, त्याचे पैसे पाहुणे थेट त्या घरी देतात. मी त्यात कमिशन घेत नाही. घेतलं, तर उद्या चांगलं जेवण कुठे मिळतं ते सोडून जास्त कमिशन कुठे मिळतं, तिकडे मी लोकांना नेईन. लांबून आलेल्यांना वेगळा दरही नाही. इंदूरचा पाहुणा आणि पुण्याचा पाहुणा, दोघांना एकच आकडा.

पैसे परत करण्याचे नियमही आधीच सांगून ठेवा. हवामानामुळे मी निघण्याआधी रद्द केलं, तर सगळे पैसे परत. गडावरून मागे फिरलो, तर परत नाहीत, कारण मागे फिरवणं हेही माझं कामच आहे. सोबत्याचे ८०० मात्र गडावर पोहोचलो असू किंवा नसू, द्यायचेच. त्याने पहाटे उठून शेतातलं काम बाजूला ठेवलेलं असतं.

आणखी एक महत्त्वाची बाब. लोहगड हे केंद्रीय पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे. १९५९ च्या नियमांनुसार अशा स्मारकात पैसे घेऊन लोकांना फिरवायला पुरातत्त्व अधिकाऱ्याचा परवाना लागतो. शिवाय महाराष्ट्र सरकारच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणात ट्रेक आयोजित करणाऱ्यांसाठी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणीची अट आहे. सुरुवात करण्याआधी या दोन्ही कार्यालयांत जाऊन आपल्या कामाला काय लागू होतं, ते लेखी विचारून घ्या. "सगळे तसेच करतात" हे उत्तर अपघाताच्या दिवशी उपयोगी पडत नाही.

शेवटी, बुकिंग घेण्याआधी मी प्रत्येक ग्रुपला जो निरोप पाठवते, तो इथे देते. हवा तर तुमच्या गडासाठी बदलून वापरा.

"नमस्कार. आपण जास्तीत जास्त बारा जण असू. सकाळी सातला लोहगडवाडीत भेटायचं, साधारण बाराला खाली. पूर्ण ग्रुपचे ४,२०० रुपये, तिकीट आणि जेवण वेगळं. रबरी पकडीचे बूट घाला, चपला नको. प्रत्येकाने दोन लिटर पाणी आणावं. हृदयविकार, दमा, फिट, गुडघ्याचं ऑपरेशन किंवा रोजची औषधं असतील तर मला एकट्याला कळवा, ते कुणाला सांगितलं जाणार नाही. विंचूकाटा हवामानावर अवलंबून आहे, त्याची हमी नाही. गर्दी किंवा वीज असेल तर मी मागे फिरवीन आणि तो निर्णय शेवटचा असेल. हे मान्य असेल तरच पैसे पाठवा."

हा निरोप वाचून काही जण येत नाहीत. गेल्या हंगामात तिघांनी "एवढे नियम असतील तर नको" असं कळवलं. मी त्यांचे आभार मानले आणि त्या तारखा दुसऱ्यांना दिल्या.